फिरकी कुठे ठेवायची?

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी एखाद्या सोसायटीच्या आवारात उभे राहून वर पाहिले, तर दोन तऱ्हेच्या गॅलऱ्या दिसतात. एका गॅलरीच्या कठड्यावर दहा-बारा रंगीत पतंग ओळीने चिकटवलेले असतात. रंग छान, कागद झगमगता, तरी सगळे कसे दाराला लावलेल्या स्टिकरसारखे गप्प. दुसऱ्या गॅलरीत पतंग पाच-सहाच असतात, पण बघणाऱ्याची नजर खालच्या कोपऱ्यातून उठते, तिरपी वर जाते, एका पतंगावरून दुसऱ्यावर झेपावते. तिथे वारा नसला तरी वारा असल्यासारखे वाटते.

हा फरक पतंगांचा नसतो, दोऱ्याचा असतो. आकाशातला पतंग आपण कधी एकटा पाहिलेला नसतो. दोरा दिसो न दिसो, खाली कुठल्यातरी गच्चीवर कुणाचा तरी हात आहे आणि पतंग त्या हाताला ओढ देतो आहे, हे डोळ्याला माहीत असते. सजावटीत ती ओढ दाखवली नाही, तर पतंग हा नुसता कागदाचा चौकोन उरतो. म्हणून संक्रांतीची गॅलरी सजवताना पहिला प्रश्न पतंग किती आणि कोणत्या रंगाचे हा नसून फिरकी कुठे ठेवायची हा असतो. ती जागा ठरली की बाकीचे निम्मे काम आपोआप ठरते.

फिरकीला कोपरा द्यावा, तोही खालचा. मध्यभागी ठेवली तर दोरे दोन्ही बाजूंना सारखे पसरतात आणि उघडलेल्या जपानी पंख्यासारखे दिसतात. कोपऱ्यातून निघालेले दोरे मात्र कुठे लांब, कुठे आखूड, कुठे जवळजवळ आडवे, कुठे उभे असे होतात, आणि गच्चीवर खरोखर तसेच असते. फिरकी जमिनीवर ठेवू नये. दोन-अडीच फुटांवर, म्हणजे उभ्या माणसाचा हात जिथे येतो त्याच्या थोडी खाली, स्टुलावर किंवा उलट्या ठेवलेल्या कुंडीवर बसवावी. ओळखीपाळखीत येवल्याचे कुणी असेल तर फिरकीऐवजी आसारी मिळवावी. नाशिक जिल्ह्यातल्या या गावात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गच्च्यांवर पतंगाशिवाय दुसरा विषय नसतो, आणि तिथला दोरा आसारीवरच गुंडाळला जातो. सजावटीत ती साध्या फिरकीपेक्षा जास्त भाव खाते.

पतंग विकत घ्यायचे की घरी करायचे? पुण्यात बोहरी आळीत किंवा नागपुरात जुनी शुक्रवारीत गेले तर तयार पतंगांचे ढीग मिळतात आणि घाई असेल तर तेच घ्यावेत. मात्र घरी केलेल्या पतंगाचा एक फायदा असा की माप आपल्या हातात राहते. गॅलरीत खोली दिसायची असेल तर पतंग तीन मापांचे हवेत. मोठे जवळ, मधले जरा मागे, छोटे सर्वांत लांब. बाजारात साधारणपणे एकाच मापाचा गठ्ठा पदरी पडतो.

पतंगी कागदाचा ताव साधारण २० बाय ३० इंचांचा, म्हणजे ५० बाय ७५ सेंटीमीटरचा असतो. घेताना एकदा मोजून पाहावा. या तावातून ३० सेंटीमीटर बाजूचे चौकोन कापायला गेले तर दोनच निघतात आणि बराच कागद वाया जातो. तेच माप २५ सेंटीमीटर धरले तर बरोबर सहा चौकोन निघतात. ३७ सेंटीमीटरचे दोन मोठे, २५ चे सहा मधले आणि १६ चे बारा छोटे, असा हिशेब लक्षात ठेवला की पुरे. काड्यांसाठी आणखी सोपे गणित आहे. चौकोनाच्या बाजूला १.४ ने गुणले की उभ्या काडीची लांबी मिळते आणि १.६ ने गुणले की कमानीची. २५ सेंटीमीटरच्या पतंगाला उभी काडी ३५ सेंटीमीटर आणि कमान ४० सेंटीमीटर. ही कमान वाकवून दोन्ही कानांना टेकवली की तिचा मधला भाग वरच्या टोकापासून सुमारे १० सेंटीमीटर खाली येतो आणि पतंगाला ओळखीचा डौल येतो. कमान याहून आखूड घेतली तर ती सपाट राहते आणि पतंग चौकोनी रुमालासारखा दिसतो; लांब घेतली तर कागदाच्या कडेबाहेर फुगते.

काड्यांसाठी बांबूच्या कामट्या मिळाल्या तर उत्तम. नाही मिळाल्या तर खराट्याची हीर आहेच. मराठी घरांतल्या कितीतरी मुलांचा पहिला पतंग तिच्यावरच उडाला आहे. पण हिरेची एक खोड आहे. ती एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असते, त्यामुळे वाकवल्यावर बारीक बाजू जास्त वाकते आणि कमान एका अंगाला कलंडलेली होते. नवशिक्याला वाटते, आपले कापणे चुकले. कापणे बरोबरच असते, दोष काडीचा असतो. उपाय असा की दोन हिरा घ्याव्यात, एकीचे जाड टोक दुसरीच्या बारीक टोकाशी येईल अशा उलटसुलट जुळवाव्यात आणि तीन-चार ठिकाणी दोऱ्याने बांधाव्यात. आता सगळीकडे जाडी सारखी झाल्याने कमान समान वाकते. बांधण्याआधी हिरा अर्धा तास पाण्यात ठेवल्या तर मोडत नाहीत. त्या पुसून घ्यायला मात्र विसरू नये, कारण ओली काडी कागदाला लागली की तिथे डाग उठतो.

चिकटवायला मैद्याची खळ पतंगी कागदाला सर्वांत मानवते. एक मोठा चमचा मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा आणि मंद आचेवर ढवळत राहायचे. पांढरा रंग जाऊन ती अर्धपारदर्शक दिसू लागली की उतरवायची. पुस्तके बांधणारे खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विषारी असल्याने घरात, त्यातून मुले मदतीला असताना, वापरायचे कारण नाही. दोन दिवसांत संपेल एवढीच खळ करावी.

इथे बहुतेकांची एक चूक होते. कागदभर खळ फासून त्यावर काडी ठेवतात. पतंगी कागद ओला झाला की पसरतो आणि वाळताना आक्रसतो, म्हणून पतंगाला सुरकुत्या पडतात. खळ फक्त काडीला लावावी, काडी कागदावर कर्णावर ठेवून दाबावी आणि तिच्या दोन्ही टोकांवर बोटभर रुंदीचे कागदी तुकडे चिकटवावेत. ती वाळली की कमानीचे एक टोक एका कानाला बसवून, त्यावर कागदाची घडी घालून दहा मिनिटे थांबावे. त्यानंतरच कमान वाकवून दुसरे टोक बसवावे. दोन्ही टोके एकदम बसवायला गेले तर ओला कागद कमानीचा ताण सोसत नाही आणि कान फाटतो. तरीही फाटत असेल तर काडी फार ताठ आहे असे समजावे आणि चाकूच्या पात्याने ती आतल्या बाजूने थोडी खरवडावी.

पतंग तयार झाले. आता ते टांगायचे.

वरच्या टोकाला एक दोरा बांधून पतंग लटकवला, तर तो कॅलेंडरसारखा सरळ लोंबतो. शिवाय एकाच दोऱ्यावर असल्यामुळे जराशी झुळूक आली की गरगर फिरतो आणि बघावे तेव्हा पाठ दाखवत असतो. म्हणून दोरे दोन हवेत. मग साहजिकच हात दोन्ही कानांकडे जातो, कारण ती टोके सोयीची दिसतात. तिथे बांधले की पतंग डोके खाली करून उलटतो. यात जादू काही नाही. कमानीची काडी कानांच्या रेषेच्या वर असते, त्यामुळे पतंगाचे वजन टांगलेल्या रेषेच्या वरच्या बाजूला जाते आणि वजन नेहमी खाली यायला बघते.

बरोबर जागा कमानीवरच, पण कान आणि उभी काडी यांच्या मधोमध. कमान तिथे पुरेशी वर गेलेली असते, म्हणून पतंगाचा भार दोऱ्यांच्या खाली राहतो आणि तो उलटत नाही. २५ सेंटीमीटरच्या पतंगात या दोन जागांमध्ये सुमारे १८ सेंटीमीटर अंतर पडते. एक दोरा दुसऱ्यापेक्षा सहा सेंटीमीटर आखूड ठेवला की पतंग वीस अंशांनी कलतो. एवढा कल पुरतो. त्याहून जास्त कलवला तर पतंग गोत खातो आहे असे दिसते. एखाद्या पतंगाला मुद्दाम तसे करायला हरकत नाही, पण सगळ्यांना नको.

तिसरा दोरा म्हणजे खरा दिसणारा, रंगीत दोरा. तो फिरकीकडून येतो आणि पतंगाच्या पोटावर जोडला जातो. उडवायच्या पतंगाला कन्नी बांधतात तशीच इथेही बांधावी. एक गाठ कमान आणि उभी काडी जिथे एकमेकींना छेदतात तिथे, दुसरी उभ्या काडीवर खालच्या बाजूला, आणि दोन्हींच्या मधल्या फासाला फिरकीकडचा दोरा. हा दोरा अगदी हलका ताणला की पतंग किंचित फिरकीकडे वळतो, खालच्या हाताचे ऐकतो आहे असे वाटते. तीन बाजूंनी धरल्यामुळे तो फिरतही नाही.

प्रत्यक्ष गॅलरीत हे कसे बसते ते एका उदाहरणाने पाहू. गॅलरी दहा फूट लांब, चार फूट रुंद आणि नऊ फूट उंच आहे. हॉलमधून तिच्यात यायचे सात फुटी दार उजव्या टोकाकडे आहे. छताला कपडे वाळत घालायच्या पुलीच्या चार दांड्या आहेत. शहरातल्या मराठी घरात ही सोय बहुधा असतेच आणि सजावटीला यापेक्षा चांगला सांगाडा शोधून मिळणार नाही. दांडी खाली सोडायची, जमिनीवर उभे राहून पतंग बांधायचा आणि दोरी ओढून वर घ्यायची. स्टुलावर चढून कठड्याबाहेर वाकण्याचा प्रसंगच येत नाही. शिवाय चार दांड्या चार वेगवेगळ्या अंतरांवर असल्याने जवळचे आणि लांबचे असा भेद आपोआप होतो. तेवढे दिवस कपडे मात्र दुसरीकडे वाळवावे लागतात.

आता बघणारा कोण हे ठरवायला हवे. हळदीकुंकवाला आलेल्या बायका हॉलमध्ये बसणार आणि तिथून गॅलरीकडे पाहणार. सोफ्यावर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण पावणेचार फुटांवर असते. सोफा दारापासून आठ फूट आत असेल, तर दाराच्या चौकटीची वरची पट्टी नजर अडवते. दारालगतच्या दांडीवरचे सव्वासात-साडेसात फुटांपर्यंतचेच दिसते, कठड्यालगतच्या दांडीवरचे साडेआठ फुटांपर्यंतचे. हौसेने छताला भिडवून टांगलेला मोठा पतंग आतून अर्धाच दिसतो, तो यामुळे. म्हणून बांधायला घेण्याआधी कुणालातरी सोफ्यावर बसवावे आणि दुसऱ्याने गॅलरीत हात वर करून उभे राहावे. हात दिसेनासा होतो ती आपली मर्यादा.

या गॅलरीत सहा पतंग पुरतात. दोन मोठे भिंतीकडच्या दांडीवर, डाव्या टोकाकडे, खालचे टोक साडेचार-पाच फुटांवर येईल असे. तिथून कुणी चालत नाही, म्हणून एवढे खाली चालतात. रहदारीच्या बाजूला टांगायचे झाले तर साडेसहा फुटांच्या खाली काही येऊ देऊ नये. दोन मधले पतंग मधल्या दांड्यांवर, एकमेकांखाली न येता मागेपुढे. दोन छोटे कठड्याकडच्या दांडीवर, सर्वांत उंच, आठ फुटांच्या आसपास. फिरकी डाव्या कोपऱ्यात, भिंतीलगत. दाराकडचा तीन फुटांचा भाग पूर्ण मोकळा.

सहा पतंगांना दोरे मात्र पाचच. पाचाच्या वर गेले की दोऱ्यांचे जाळे होते आणि कोणता दोरा कुणाचा ते कळेनासे होते. उरलेला एक छोटा पतंग दोऱ्याविना, इतरांपासून दूर, जरा जास्तच कलवून ठेवावा. तो कटलेला पतंग. पतंग उडवलेल्या कुणालाही तो लगेच ओळखू येतो आणि हळदीकुंकवाला आईबरोबर आलेली मुले नेमके त्याच्याकडेच बोट दाखवतात.

दोरा कोणता घ्यावा? फिरकीवरचा खरा दोरा इतका बारीक असतो की दहा फुटांवरून दिसतच नाही. सजावटीला लोकर चांगली. ती जाड असते, तिला चमक नसते आणि एक लहान गुंडा अख्ख्या गॅलरीला पुरतो. फिरकी भरलेली दिसावी म्हणून आधी तिच्यावर रद्दी कागदाचे दोन-तीन थर गुंडाळून मग लोकर गुंडाळावी. रंग ठरवताना दोऱ्याच्या मागे काय आहे ते पाहावे. क्रीम रंगाच्या भिंतीवर पिवळा दोरा नाहीसा होतो, निळ्या आकाशापुढे निळा. खात्री करायची असेल तर मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करावा. ज्या दोऱ्याची रेघ त्यात दिसत नाही, तो संध्याकाळी पाहुण्यांनाही दिसणार नाही.

ज्यांच्याकडे गॅलरी नाही त्यांनी हॉलची एक भिंत घ्यावी, आणि खरे सांगायचे तर फोटोसाठी भिंतच जास्त कामाची. संक्रांतीचा रंग काळा, तेव्हा पाठीमागे काळी साडी घ्यावी. घरात जुनी चंद्रकळा असेल तर तिच्याइतकी शोभणारी पार्श्वभूमी दुसरी नाही. साडीला टाचण्या किंवा खिळे मारायचे नाहीत. पडद्याच्या दांडीवरून घडी घालून सोडायची आणि खाली दुसरी दांडी किंवा काठी घालून ताणायची. काळ्यावर पिवळा, राणी आणि पांढरा असे तीनच रंग खुलतात. साडीला पतंग चिकटवायचे नाहीत, तेही वरच्या दांडीवरूनच टांगायचे. फिरकीकडचा दोरा मात्र साडीवर टेकवून न्यायचा.

भिंतीवरच्या दोऱ्यात एक बारकावा आहे. गॅलरीत दोरा ताणून घ्यायचा असतो, भिंतीवर त्याला थोडा झोल द्यावा. खऱ्या दोऱ्यालाही स्वतःचे वजन असते, म्हणून तो हाताजवळ जरा सपाट निघतो आणि पतंगाजवळ जाता जाता उभा होतो. पाच फुटांचा दोरा असेल तर त्याचा मधला भाग सरळ रेषेपेक्षा तीन इंच खाली असावा. पट्टी लावून आखल्यासारखे सरळ दोरे भूमितीच्या वहीची आठवण करून देतात. झोल टिकवायला दोऱ्याला दोन-तीन ठिकाणी त्याच रंगाचा एकेक टाका साडीत सैल घातला की काम होते. साडीशिवाय थेट रंगवलेल्या भिंतीवर करायचे असेल तर कागदी मास्किंग टेप वापरावा आणि आधी कपाटामागे एका कोपऱ्यात तो दोन दिवस लावून काढून पाहावा. डिस्टेंपरच्या भिंतीची भुकटी टेपला लागते आणि पतंग रात्रीतून गळून पडतात.

भिंतीपुढे कोण बसणार यावरही उंची ठरते. हळदीकुंकवाचे फोटो उभ्याने होतात, तेव्हा पतंग पाच ते सात फुटांच्या पट्ट्यात हवेत. बोरन्हाण असेल तर बाळ पाटावर बसणार. त्याचे डोके जमिनीपासून फार तर दोन फुटांवर येते आणि फोटो काढणाराही खाली बसतो. तेव्हा तीच सजावट अडीच-तीन फुटांवर उतरवावी लागते, नाहीतर फोटोत बाळ, बोरे, चुरमुरे आणि कोरी काळी साडी एवढेच येते. मात्र दोरे आणि फिरकी बाळाच्या हाताच्या टप्प्याबाहेर हवीत. हलव्याचे दागिने घातलेले मूल पहिल्यांदा दागिना तोंडात घालते आणि दुसऱ्यांदा दिसेल तो दोरा ओढते.

आता कागदाचे आयुष्य. संक्रांत सूर्यावरून ठरते, म्हणून ती १४ किंवा १५ जानेवारीलाच येते. हळदीकुंकवाचे दिवस संपतात ते रथसप्तमीला आणि ती चांद्र तिथी असल्याने दरवर्षी सरकते. २०२५ मध्ये रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती, म्हणजे सजावट तीन आठवडे टिकायला हवी होती. २०२६ मध्ये ती २५ जानेवारीलाच आली, म्हणजे अकरा दिवसांत काम संपले. २०२७ मध्ये ती फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येते, म्हणजे जवळजवळ महिनाभर पतंग टिकवायचे आहेत. कागद घेण्याआधी पंचांग पाहावे ते यासाठी.

पतंगी कागदाचा रंग उन्हात विटतो. राणी आणि जांभळा सगळ्यांत आधी. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. पुण्याच्या अक्षांशावर संक्रांतीच्या भर दुपारी तो क्षितिजापासून ५० अंशांच्या आसपासच असतो. त्यामुळे दक्षिणेकडे तोंड असलेल्या गॅलरीत ऊन खोलवर शिरते आणि बराच वेळ मुक्काम करते. अशा गॅलरीत नाजूक कागद आठवड्याभरात फिका पडू लागतो. तिथे घोटीव कागद किंवा कार्डशीट वापरावे, किंवा तळहाताच्या बेताचे जादा पतंग करून ठेवावेत आणि मधेच बदलावेत. पूर्वेकडच्या गॅलरीत मात्र पातळ पतंगी कागदच घ्यावा. सकाळी आठ वाजता मागून ऊन आले की तो कंदिलासारखा उजळतो आणि दोन रंगांचे तुकडे जोडलेले असतील तर जोडावरची दुहेरी पट्टी गडद रेघेसारखी उठून दिसते. अहमदाबादच्या संस्कार केंद्रात भानू शहा यांच्या संग्रहातून पतंगांचे संग्रहालय उभे राहिले. असे तुकडे जोडून केलेले पतंग काय उंची गाठू शकतात, याची कल्पना तो संग्रह देतो. घरच्या पतंगाला दोन किंवा तीन तुकडे पुरेत, आणि जोड पाच मिलिमीटरपेक्षा रुंद नको.

दुसरा शत्रू पाणी. पहाटेचे दव आणि वरच्या मजल्यावरून कुंड्यांना घातलेले पाणी यांनी स्वस्त कागदाचा रंग सुटतो आणि भिंतीवर ओघळ उतरतात. दुकानातच ओले बोट कागदावर दाबून मग पांढऱ्या रुमालावर टेकवावे. रुमालाला रंग लागला तर तो कागद फक्त आतल्या भिंतीसाठी घ्यावा. दिव्यांची माळ लावायची असेल तर ती एलईडीचीच, आणि निरांजन किंवा पणती पतंगांच्या खाली कुठेही नको.

आणि मांजा नको. घरात गेल्या वर्षीची भरलेली फिरकी पडलेली असते, तीच सजावटीला घेण्याचा मोह होतो. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांज्यावर देशभर बंदी घातली, तरी तो अजून घराघरात निघतो. तो उडवला नाही, नुसता टांगला, तरी गॅलरीत येणाऱ्या पक्ष्यांसाठी धोका तेवढाच. कबुतराच्या पायाला दोरा गुंडाळला की तो सुटत नाही, चालताना आवळत जातो, रक्त थांबते आणि बोटे झडतात. शहरात लंगडणारी, बोटे गेलेली कबुतरे दिसतात त्यांच्यातल्या कित्येकांची गोष्ट हीच असते. म्हणून उघड्या बाजूला जे दोरे येतात ते जाड, डोळ्याला दिसणारे आणि ताणलेले असावेत. लोंबती टोके, सैल फास, लांब दोऱ्याच्या शेपट्या तिथे नकोत. शेपटी हवीच असेल तर कागदाच्या झिरमिळ्या कराव्यात, त्या फाटतात पण अडकवून ठेवत नाहीत. दांडीवरून पतंग टांगायचे ते दोन दोरे शिवणाच्या सुती दोऱ्याचे, एक फुटाच्या आत. सुती दोरा जोर आला की तुटतो. मासे पकडायची पारदर्शक तंगूस दिसत नाही म्हणून अनेकांना आवडते, पण पक्ष्यांनाही ती दिसत नाही.

रथसप्तमीचे हळदीकुंकू झाले की त्याच संध्याकाळी दांड्या खाली घ्याव्यात. लोकर सोडवून पुन्हा फिरकीवर गुंडाळावी, ती पुढच्या वर्षी चालते. पतंगांच्या कमानीचे एक टोक सोडून ती सैल करावी आणि पतंग वर्तमानपत्राच्या घडीत सपाट ठेवावेत. ताणलेली कमान वर्षभर तशीच राहिली तर कान फाटतात. उरलेला बारीक दोरा मात्र जपू नये, आणि तसाच कचऱ्यातही टाकू नये. कात्रीने बोटभर लांबीचे तुकडे करावेत, कागदात गुंडाळावेत आणि मगच डब्यात टाकावेत. कुठल्याही पक्ष्याचा पाय त्यात अडकू नये एवढे हे दहा मिनिटांचे काम प्रत्येक घराने न विसरता करावे.